तीन अक्षरांची अरबी

लकडगंजातल्या एका छापखान्यात मी कॉम्प्युटरवर मजकूर लावते. अठरा वर्षं झाली. लग्नपत्रिका, मसाल्याची पाकिटं, मिठाईचे डबे, देवळाच्या पावत्या, सगळं माझ्या बोटांखालून गेलेलं आहे. पण त्यातलं मी काहीही वाचलेलं नाही, हे सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही. ज्या बाईने मला हे काम शिकवलं, तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "वाचू नको. अक्षर पाह्य अन् अक्षर लाव. वाचायले लागली का चुकली."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. वाचणारा माणूस पुढे काय येणार ते मनातच ठरवून टाकतो आणि हात तेच टाइप करतात. कागदावर काय आहे ते बाजूला राहतं. म्हणून मी न वाचायला शिकले, आणि इतकी पक्की शिकले की चुलत नणंदेच्या मुलीची पत्रिका मी स्वतः लावली आणि ते लग्न ठरल्याचं मला कळलं ते पत्रिका घरी आल्यावर. नवरा आठ दिवस हसत होता. मला मात्र त्याचा अभिमान होता. अख्ख्या लकडगंजात माझ्याइतका जलद आणि बिनचूक हात दुसरा नव्हता, आणि हे मी मागेपुढे न बघता कुणालाही सांगत असे.

मग ते सोनपापडीचे डबे आले. हिंगण्याच्या एका कारखान्याचा माल आखाती देशांत जायला लागला होता, त्यामुळे डब्याच्या एका बाजूला अरबी हवं होतं. मजकूर मेलवर आला. मी तो उचलला आणि आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. मेलमध्ये अक्षरं एकमेकांना जोडलेली होती, आमच्याकडे आल्यावर ती सुटी सुटी झाली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे नाही का, एका फॉन्टमध्ये जोडाक्षर उभं येतं आणि दुसऱ्यात आडवं. तसंच हे असेल म्हणून मी सोडून दिलं. एकेक अक्षर मोजलं. एकही कमी नव्हतं की जास्त नव्हतं. डबे छापले, घड्या पडल्या, माल गेला.

परत आला तेव्हा सोबत निरोप होता. अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात. आमच्या सॉफ्टवेअरने ती डावीकडून मांडली होती आणि वर प्रत्येक अक्षर त्याच्या शेजाऱ्यापासून तोडलं होतं. म्हणजे तिथल्या माणसाने वाचायला घेतलं तर वाक्य शेवटाकडून सुरू होत होतं, तेही तुकड्यातुकड्यांत.

आमचे शेठ तसे भले माणूस आहेत, ओरडत नाहीत. ते फक्त सगळ्यांसमोर म्हणाले, "आजपासून अरबीचं काम मुंबईला जाईल. आपल्याकडे कोणाले वाचता येते?"

खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव तसा नाही. कानशिलं तापली आणि तोंडातून निघून गेलं, "मी शिकतो ना."

मागे मशीनवाला फिसकन हसला. शेठ हसले नाहीत, ते आणखी वाईट. म्हणाले, "शिका मॅडम. पहिल्या लेव्हलची परीक्षा पास करून दाखवा, अरबीचं टेबल तुमचं. तोवर मुंबई."

बारावीत मी दोनदा नापास झालेली आहे. त्यानंतर आयुष्यात एकही परीक्षा दिली नव्हती. हे शेठना माहीत होतं, मशीनवाल्याला माहीत होतं आणि मला तर चांगलंच माहीत होतं. आता सगळ्या प्रेससमोर मी बोलून बसले होते, त्यामुळे पास होणं एवढा एकच रस्ता उरला.

एका कॉलेजात संध्याकाळचा अरबीचा वर्ग चालायचा, आठवड्यातून तीन दिवस. शिकवणारे सर कामठीहून यायचे. शाळेतून निवृत्त झालेले, सत्तरीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि मराठी अशी अस्सल वऱ्हाडी की ऐकत राहावं. वर्गात बहुतेक परदेशी जायला निघालेल्या नर्सेस होत्या, आणि एक एसी दुरुस्त करणारा दादा होता. शेहेचाळीस वर्षांची मी एकटीच. पहिल्या दिवशी त्या दादाने अरबी शब्द लिहिला आणि सवयीने त्याच्यावर शिरोरेषा ओढली. सरांनी ती खोडरबराने पुसली आणि म्हणाले, "छत नाही लागत इथं, पाऊस कमी आहे तिकडं."

लिपी मला आवडली. खोटं कशाला बोलू, मी तिच्या प्रेमातच पडले. एकच होडी काढायची. खाली एक नुक्ता, म्हणजे टिंब, दिला की ब, वर दोन दिले की त, वर तीन दिले की जिभेचं टोक दातांत धरून म्हणायचा एक वेगळाच स. प्रत्येक अक्षराचं रूप जागेप्रमाणे बदलतं. शब्दाच्या सुरुवातीला एक, मधे दुसरं, शेवटी तिसरं, एकटं असताना चौथं. ऐन नावाचं घशातून काढायचं अक्षर तर एकटं असताना मोठं पोट सोडून बसतं आणि शब्दाच्या मधे आलं की एवढीशी गाठ होऊन जातं. सहा अक्षरं अशी आहेत की मागच्याचा हात धरतात आणि पुढच्याला हात देत नाहीत. आमच्या नात्यात अशी दोन माणसं आहेत, त्यामुळे हा नियम मला एका दिवसात पाठ झाला.

दीड महिन्यात माझी वही वर्गात हातोहात फिरू लागली. नर्सेस फोटो काढून न्यायच्या. काय ती वळणं, काय ते नुक्ते, एकेक पान फ्रेम करून लावावं असं. मी प्रताप नगरच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पानंच्या पानं उतरवत होते आणि मनातल्या मनात पहिली येत होते.

एके संध्याकाळी सरांनी माझी वही हातात घेतली. चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं. मी पदर सावरून बसले. त्यांनी वही उलटी करून माझ्यासमोर ठेवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"वाचा ताई."

मी त्या ओळीकडे पाहिलं. ती मीच लिहिलेली होती. मला तिची प्रत्येक वेलांटी ओळखीची होती. पण ती काय म्हणते याचा मला काडीचाही पत्ता नव्हता.

"काहून थांबल्या?"

"सर, मी वाचून नाही लिहिलं. पाहून लिहिलं."

"म्हणजे चित्र काढून राहिल्या तुम्ही."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. अठरा वर्षांचं काम, ती बाई, न वाचण्याचं शिक्षण, नणंदेच्या मुलीची पत्रिका. सर रागावतील असं वाटलं होतं. ते पोट धरून हसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "मी चाळीस वर्षं पोरायले म्हणत आलो, अक्षर सुधरवा, अक्षर सुधरवा. तुम्हाले पहिल्यांदाच सांगून राहिलो, अक्षर बिघडवा. पण वाचा."

त्यांनी माझी ती सुंदर वही बंद करून स्वतःच्या पिशवीत टाकली. परीक्षेनंतर परत देईन म्हणाले. आणि मला एक लाल पेन दिला. यापुढे कोणताही शब्द उतरवायचा नाही. समोर आला की त्यातली तीन अक्षरं शोधायची आणि त्यांच्याखाली लाल रेघ मारायची. बाकी सगळं मागाहून.

ती तीन अक्षरं म्हणजे मूळ. हे मला समजलं तो दिवस मी विसरणार नाही. सरांनी फळ्यावर क, त, ब अशी तीन अक्षरं लिहिली. लिहिणं या गोष्टीशी संबंध असलेले जवळजवळ सगळे शब्द या तिघांतून निघतात, म्हणाले. कतब म्हणजे त्याने लिहिलं. कातिब, लिहिणारा. मकतूब, लिहिलेलं. किताब तर आपल्याला माहीतच. मकतब, लिहायची जागा, म्हणजे टेबल किंवा ऑफिस. मकतबा, ग्रंथालय. तीन अक्षरं जागची हलत नाहीत. त्यांच्यामधले स्वर बदलतात, पुढे एखादा म लागतो, आणि शब्द तयार. आणि ज्या साच्यात ती बसतात तो साचाही ठरलेला; दुसरी तीन अक्षरं आणा, त्याच साच्यात घाला, अर्थाची तऱ्हा तीच राहते.

मी ताडकन उभी राहिले. "सर, ही तर डाय आहे."

डब्याचा पुठ्ठा कापायला आमच्याकडे लोखंडी पात्यांची डाय असते. पुठ्ठा कोणताही घाला, डबा त्याच आकाराचा पडतो. सरांना डाय माहीत नव्हती, पण मी समजावल्यावर त्यांना ती इतकी पटली की नंतर ते सगळ्या वर्गाला 'डाय कोणती' असंच विचारू लागले. नर्सेसना वाटे की हा अरबी शब्द आहे.

त्यानंतर शब्दकोशाचं कोडं सुटलं. महिनाभर मी त्या जाडजूड पुस्तकाशी भांडत होते. मकतबा शोधायचा म्हणून म काढायची, तो तिथे नसायचा. मी पुस्तकच खराब निघालं म्हणून बदलून मागणार होते. तो शब्द क मध्ये होता, कतबच्या घरात, आपल्या सगळ्या भावंडांसोबत. मूळ काढल्याशिवाय शब्दकोशाचं दारही उघडत नाही, हे कळल्यावर मला लाल पेनाची गंमत वाटायला लागली.

आणि मग मला वेड लागलं. दुसरा शब्द नाही. कारण सरांनी एक दिवस सहज म्हटलं की मकतूबची जी डाय आहे, तीच मजकूरची आहे. ज़, क, र हे मूळ, ज़िक्र करणं म्हणजे उल्लेख करणं. मजकूर म्हणजे ज्याचा उल्लेख केला ते. अठरा वर्षं मी दिवसातून पन्नास वेळा मजकूर म्हणत होते. मजकूर आला का, मजकूर लावला का, मजकूर हरवला कुठे. आणि तो शब्द स्वतःच माझ्यासमोर कपडे बदलून उभा होता. मला हसू आवरेना. बसमध्ये हसले, घरी येऊन हसले, भाजी फोडणीला टाकून हसले.

नवरा हिंगण्याला कारखान्यात आहे, ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवतो. मोटारसायकल लावून घरात आला तर मी त्याच्यापुढे भाताच्या पातेल्यासकट उभी.

"महसूल माहीत आहे तुम्हाले?"

"काय झालं? तलाठी आला होता का?"

"अन् 'काय हशील' म्हणतो ना आपण? बोलून काय हशील? ते अन् महसूल एकाच मुळाचे हो. ह, स, ल. हासिल झालं ते हशील. महसूल मकतूबच्या डायचा."

त्याने हेल्मेट काढून ठेवलं. "काय वं, जेवाले देशील का आता शब्दच खाऊ?"

त्याला जेवायला वाढलं, पण थांबले नाही. दखल, दाखल, दाखला, सगळे एका आईची लेकरं, द-ख़-ल, आत जाणं. खर्च आणि खारीज, बाहेर जाणं. मजबूत आणि जप्ती एकाच घरातले, कारण घट्ट धरून ठेवणं हे दोघांचंही काम. मला रस्त्यावरच्या पाट्या वाचाव्याशा वाटू लागल्या. मी, जिने अठरा वर्षं काही वाचलं नव्हतं, ती आता बँकेच्या रांगेत उभी राहून फॉर्मवरच्या 'मंजूर' या शब्दात लाल रेघा शोधत होते. न, ज़, र. नजरेखालून गेलेलं ते मंजूर. आनंद कशाला म्हणतात ते मला त्या दिवसांत कळलं, आणि मी तो सगळ्यांना वाटत सुटले, त्यांना हवा असो की नसो.

अर्थात तोंडावरही पडले. एक दिवस मी वर्गात छाती पुढे काढून जाहीर केलं की मजदूर हा शब्दसुद्धा मकतूबच्याच डायचा आहे, मूळ म्हणून ज़-द-र सापडलं आहे. सरांनी चष्मा पुसला. "फारशी आहे ताई तो. अरबी नाही. म लागला म्हणजे आपला झाला असं नसते." सगळे हसले आणि मीही हसले. पण घरी जाऊन शब्दकोशात ते मूळ आहे का ते पाहूनच झोपले, कारण मला कुणाचं एकदम पटत नाही.

अडचण एकच होती. परीक्षेच्या छापील मजकुरात आखूड स्वरांच्या खुणा देत नाहीत. क, त, ब एवढंच दिसतं. अ की इ की उ ते वाचणाऱ्याने ओळखायचं. नर्सेसनी सगळे शब्द देवनागरीत लिहून पाठ केले होते, सगळे स्वर जागच्या जागी. खुणा गेल्यावर त्या गोंधळल्या. मला गोंधळायला फारसं काही नव्हतं, कारण माझी वही सरांच्या पिशवीत होती. माझ्याकडे तीन अक्षरं आणि डाय एवढंच होतं, त्यामुळे मी रोज तेवढ्यावरच झुंजत होते. तरी सरावाच्या चाचणीत मला काठावरचे गुण पडले. सर म्हणाले, "बोलण्यात घाबरता तुम्ही. चुकलं तर चुकू द्या. गप्प नका बसू."

गप्प बसू नका, हे मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी सांगत होतं.

परीक्षेच्या दिवशी लाल पेन आत नेऊ दिला नाही. ऐकणं, वाचणं, लिहिणं झालं. लिहिण्यात माझं अक्षर इतकं सुबक आलं की वेळ संपला आणि शेवटच्या दोन ओळी राहिल्या, जुनी खोड. बोलण्याची परीक्षा एका खोलीत, पडद्यावर. पलीकडे एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, सौम्य चेहऱ्याच्या. नाव, गाव, घरी कोण कोण, सगळं ठीक गेलं. मग त्यांनी माझं काम विचारलं. मतबआ, छापखाना, हा शब्द मी पहिल्याच आठवड्यात सरांकडून मागून घेतला होता. छान सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, तुमचे पती कुठे काम करतात?

ज़ौजी यअमलु फ़ी, माझा नवरा काम करतो अमुकमध्ये, इथपर्यंत मी ऐटीत आले आणि भिंतीवर आदळले. कारखान्याला काय म्हणतात? आमच्या पुस्तकात शाळा होती, बँक होती, दवाखाना होता, बाजार होता. कारखाना नव्हता. घामाने हात ओले झाले. बारावीचा हॉल आठवला, गणिताचा पेपर, घड्याळ. शाळा म्हणून टाकावं का? नवऱ्याला मास्तर करून सुटावं? सर म्हणाले होते चुकू द्या, पण मला खोटं बोलायचं नव्हतं.

आणि त्या घामात मला सोनपापडीचा डबा आठवला. तळाला एक बारीक ओळ होती, भारतात बनवलेलं. सुनिअ फ़िल हिन्द. मी ती ओळ तेव्हा वाचली नव्हती, फक्त मोजली होती; पण आता ती डोळ्यांपुढे उभी राहिली आणि मी तिच्याखाली मनातच लाल रेघा मारल्या. स, न, ऐन. बनवणं. जागेची डाय? मकतब, लिहायची जागा. मदख़ल, आत जायची जागा. मतअम, जेवायची जागा. म पुढे, मग स, न, ऐन. मी डोळे मिटले आणि जो शब्द मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता, कधी वाचला नव्हता, तो तोंडातून बाहेर सोडला.

"फ़ी मस्नअ."

बाईंच्या चेहऱ्यावर काहीच झालं नाही. मी मनात म्हटलं, संपलं. आणि त्यांनी अगदी साध्या आवाजात पुढचा प्रश्न विचारला: माज़ा यस्नउ अल-मस्नअ? काय बनवतो हा कारखाना?

माझाच शब्द. माझाच शब्द त्यांच्या तोंडून माझ्याकडे परत आला होता, वापरलेला, रोजचा, त्यांच्या दृष्टीने नवल नसलेला. मी तो दहा सेकंदांपूर्वी बनवला होता आणि तो आधीपासूनच होता. मी खुर्चीत हसायला लागले. थांबताच येईना. ट्रॅक्टरला काय म्हणतात ते अर्थातच माहीत नव्हतं, पण आता मला कोण अडवणार होतं. मी म्हटलं, मोठ्या मोटारी, जमिनीसाठी. सय्यारात कबीरा लिल-अर्ज़. आता बाईही हसल्या आणि त्यांनी मला ट्रॅक्टरचा खरा शब्द सांगितला, जर्रार. ओढणारा. त्याचीही डाय असणार, असं मला लगेच वाटलं, पण त्यांनी वेळ संपल्याचं सांगितलं.

निकाल महिन्याभराने आला. पास. बोलण्यात सगळ्यांत जास्त, लिहिण्यात सगळ्यांत कमी. माझ्या वहीचं कौतुक करणाऱ्या पोरींना मी हे मुद्दाम सांगितलं. सरांना फोन केला तर ते म्हणाले, वही घेऊन जा. नवऱ्याने पेढे आणले आणि कारखान्यात वाटले. मी पन्नाशीकडे आलेली बाई, मला त्या रात्री आनंदाने झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मोबाइल शेठच्या टेबलावर ठेवला. त्यांनी निकाल वाचला. चांगलं झालं म्हणाले, मनापासून म्हणाले. आणि मग म्हणाले, "पण मॅडम, पहिलीच लेव्हल आहे ना. तूर्त मुंबईवालेच करू द्या. तुम्ही पाहत जा. पुढं पाहू."

तोंडात आलेलं मी गिळलं. माझ्या ओळखीच्या लोकांनी याची नोंद घ्यावी, कारण असं क्वचित घडतं. पास होऊनही मी जिथे होते तिथेच होते. आनंद सगळा ओसरला आणि मी पुन्हा मसाल्याची पाकिटं लावायला लागले.

पंधरवड्याने संत्रा बर्फीचा डबा आला. तोच हिंगण्याचा सोनपापडीवाला कारखाना. अरबी बाजू मुंबईहून तयार होऊन आली होती, पार्टीने पाहून सही केली होती, प्लेट तयार होती, मशीनवर कागद चढला होता. मी चहाचा पेला घेऊन तिथून जात होते आणि पहिला छापलेला ताव हातात घेतला. पाहायला म्हणून. पण आता मला नुसतं पाहता येत नाही. माझी ती सवय मोडली आहे, ती आता परत येणार नाही.

सुंदर काम होतं. अक्षरं जोडलेली, दिशा बरोबर, नुक्ते जागच्या जागी. आणि नारिंगी पट्टीवर ठळक दोन शब्द. बिदून सुक्कर. साखरेशिवाय.

मी पुन्हा वाचलं. मग मराठी बाजू पाहिली. साहित्य: साखर, दूध, खवा, संत्रा. साखर सगळ्यांत पहिली.

"मशीन थांबवा," मी म्हटलं.

मशीनवाला शेठकडे पाहू लागला. शेठ आतून आले. मी त्यांना ताव दाखवला. ते म्हणाले, "पार्टीची सही आहे मॅडम. आपण जसं आलं तसं छापतो. आपली जबाबदारी नाही."

"ह्याच्यावर लिहून आहे साखर नाही म्हणून. तिकडं कोणी शुगरचा माणूस बिनधास्त खाईन. तुम्ही मुंबईले विचारा, पार्टीले विचारा, कोणाले बी विचारा. पण मशीन थांबवा."

"अन् तुमची चूक निघाली तर?"

त्या क्षणी मला भीती वाटली, ती कबूल करते. पहिलीच लेव्हल. दोनच शब्द. पण ते मी मोजले नव्हते, वाचले होते.

"नाही निघणार," मी म्हटलं.

शेठनी त्या नारिंगी पट्टीवरून बोट फिरवलं. मग हात वर केला आणि मशीन थांबलं. ते फोन घेऊन काचेच्या केबिनमध्ये गेले. आम्ही बाहेर उभे राहिलो, मी, मशीनवाला आणि थंड झालेला चहा. आतून आवाज येत नव्हता. शेठ आधी उभे होते, मग बसले, मग त्यांनी कपाळाला हात लावला.

बाहेर आले तेव्हा म्हणाले की पार्टीकडून बिनसाखरेच्या बिस्किटांच्या डब्यावरची पट्टी इथे चिकटून आली होती. मुंबईवाल्यांनी आली तशी लावली. सही करणाऱ्याला अरबी येत नव्हती. तिकडे सगळे एकमेकांवर ओरडत होते.

"विचारत होते, कोणी पकडलं म्हणून," शेठ म्हणाले.

"मग?"

"सांगितलं, आमच्याकडे एक बाई आहे. ती वाचते."

ते केबिनमध्ये परत गेले. मशीनवाल्याने तो ताव माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि रद्दीत टाकला. मी माझ्या खुर्चीवर जाऊन बसले. पडद्यावर कुणाच्या तरी नातवाच्या बारशाची पत्रिका अर्धी लावून ठेवलेली होती, आणि पुढचं अक्षर टाइप करायच्या आधी मी ती पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.